कात्रजचं पाणी आणि बेचाळीस मुलं: एकच पाठ सगळ्यांसाठी कसा बेतायचा

पुण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी सहावीला शिकवते. वर्गात बेचाळीस मुलं आणि तास पस्तीस मिनिटांचा. त्यांतल्या तिघांना डिस्लेक्सिया आहे. एकाकडे प्रमाणपत्र आहे, दोघांची तपासणी अजून रखडलेली आहे. चार-पाच जण असे आहेत की मी फळ्यावर तारीख लिहीपर्यंत त्यांचा पाठ वाचून झालेला असतो. बाकीची मुलं मधे कुठेतरी.

पहिल्या वर्षी मी सगळे करतात तेच केलं. तीन वेगळे उतारे काढले: सोपा, मधला आणि अवघड. सोपा गुलाबी कागदावर छापला, म्हणजे वाटताना गोंधळ होणार नाही. दुसऱ्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत ‘ए गुलाबी’ अशी हाक कानावर आली. आणि ज्याला हाक मारली होती त्याला विषय माझ्या हुशार गटाइतकाच कळत होता. त्याला फक्त वाचता येत नव्हतं. त्यानंतर वेगळे उतारे बंद केले. आता उतारा एकच असतो, विचार तोच आणि मुख्य प्रश्नही तोच. बदलते ती फक्त त्या विचारापर्यंत जायची वाट.

ही वाट कशी आखायची ते मी एकाच पाठावर दाखवते. पाठ आहे कात्रजच्या तलावातून पेठांतल्या हौदांपर्यंत पाणी कसं यायचं याचा. पाठ्यपुस्तकातला नव्हे, मी स्वतः लिहिलेला छोटा उतारा. तुमचा उतारा वेगळा असेल, पण पायऱ्या याच राहतील.

आधी हे जवळ ठेवा

- उतारा, युनिकोडमध्ये टाइप केलेला (का ते पायरी 3 मध्ये)
- प्रत्येक मुलाच्या वाचनाच्या नोंदीसाठी वहीचं एक पान
- आवाज रेकॉर्ड करता येईल असा फोन
- जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदातून कापलेल्या, ओळीएवढ्या लांब वाचनपट्ट्या
- मीटरभर पीव्हीसी पाइप, उभा चिरून अर्धा केलेला, म्हणजे पन्हळ. नळाच्या सामानाच्या दुकानात तुकडा मिळतो आणि चिरूनही देतात
- एक बादली, एक तांब्या, एक फडकं

## 1. अडचण वाचायची आहे की समजायची, हे आधी पाहा

ही पायरी गाळली तर पुढची सगळी मेहनत भलत्याच मुलांसाठी होते, म्हणून इथे जरा थांबते.

पाठाच्या आठवडाभर आधी प्रत्येक मुलाला बाजूला बोलावून एक मिनिट मोठ्याने वाचायला लावा. उतारा त्याने न पाहिलेला हवा. मिनिटात किती शब्द बरोबर वाचले ते मोजा आणि चुकलेला शब्द त्याने उच्चारला तसाच लिहून घ्या. बेचाळीस मुलांना मला चार दिवस लागले, रोज परिपाठानंतरची पंधरा-वीस मिनिटं. माझ्या वर्गात बहुतेकांचे शब्द सत्तर ते पंचाण्णवच्या मधे आले. चौघं एकशेवीसच्या वर गेली. सात जण चाळिशीच्या खाली राहिले.

आता या सात जणांना तेवढ्याच अवघडपणाचा दुसरा उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि तोंडी चार प्रश्न विचारा. खरा उलगडा इथे होतो. माझ्या सातांपैकी तिघांनी ऐकून चारही उत्तरं नीट दिली. एकाने तर मला न सुचलेला मुद्दा काढला. म्हणजे भाषा समजते, विचार करता येतो, अडतंय ते छापील अक्षरांतून शब्द सोडवताना. डिस्लेक्सियात नेमकं हेच होतं. उरलेल्या चौघांना ऐकूनही समजलं नाही. त्यांतल्या तिघांच्या घरी मराठी बोलतच नाहीत, आईवडील बांधकामावर आहेत आणि दर वर्षा-दीड वर्षाला साइट बदलते. त्यांना शब्द आणि भाषा द्यावी लागते, मोठा टाइप देऊन काही साधत नाही. दोन्ही गटांना ‘कच्ची मुलं’ म्हणून एका बाकावर बसवणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक.

चुकांची नोंदही वाचून पाहा. मराठीत त्यांना ठरावीक वळण असतं. ऱ्हस्व इकार लिहिताना अक्षराच्या आधी येतो, उच्चारताना नंतर. तिथे मूल अडखळतं. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो पण उच्चार आधी होतो, म्हणून ‘वर्ष’चं ‘वष’ किंवा ‘वरष’ होतं. जोडाक्षर सुटं होतं, ‘कात्रज’चं ‘कातरज’. भ-म, घ-ध, थ-य यांची अदलाबदल होते. पण मला सगळ्यात जास्त सांगून जाते ती अंदाजाची चूक: पहिली दोन अक्षरं धरून मूल पुढचा शब्द स्वतःच बनवतं. ‘बांधकाम’ लिहिलंय आणि वाचतं ‘बांधावर’. हा आळस नव्हे. शब्द सोडवण्याचे कष्ट वाचवायला त्याने शोधलेली युक्ती आहे.

एक सावधगिरी. या नोंदीवरून तुम्ही ‘डिस्लेक्सिया आहे’ असं पालकांना सांगायचं नाही. ते ठरवणं मानसशास्त्रज्ञ आणि डॉक्टर मंडळींचं काम. तुम्ही नोंदवही दाखवून तपासणी सुचवा, शाळेत किंवा केंद्रावर विशेष शिक्षक येत असतील तर त्यांना आधी दाखवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलतींसाठी प्रमाणपत्र लागतं, म्हणून ते काम मागे लावून घ्यावंच. पण वर्गात मोठा टाइप द्यायला किंवा उत्तर तोंडी घ्यायला कोणाच्याही कागदाची वाट पाहावी लागत नाही. ‘प्रमाणपत्र आल्यावर बघू’ म्हणत अख्खं वर्ष गेलेलं मी पाहिलं आहे.

## 2. सगळ्यांसाठी एकच मुख्य प्रश्न ठरवा

उताऱ्याला हात लावण्याआधी एका वाक्यात लिहा: तास संपताना प्रत्येक मुलाला काय सांगता आलं पाहिजे? माझा प्रश्न असा होता: ‘मोटार नाही, वीज नाही, मग कात्रजचं पाणी शनिवारवाड्यापर्यंत पोचलं कसं?’

उत्तरात तीन गोष्टी यायला हव्यात. पाणी लांबून का आणावं लागलं, ते उतारामुळे आपोआप कसं वाहिलं आणि वाटेतले उच्छ्वास कशासाठी होते. या तीन गोष्टी बेचाळीस जणांसाठी सारख्याच. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला तीनपैकी एकच पुरे, असं मी करत नाही. तिथे सूट दिली की मूल पुढच्या इयत्तेत मोकळ्या हाताने जातं.

## 3. उतारा बेता: विचार तसाच ठेवा, ओझं कमी करा

माझा पहिला मसुदा असा होता:

> पेशवाईच्या काळात पुण्याची वस्ती झपाट्याने वाढत गेली आणि विहिरींचे व नदीचे पाणी शहराला अपुरे पडू लागले, तेव्हा नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रज येथे तलाव बांधून तेथील पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून उताराच्या साहाय्याने शनिवारवाड्यापर्यंत व पेठांतील हौदांपर्यंत आणण्यात आले. या नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले होते. त्यांतून आतील हवा बाहेर पडत असे व गाळ काढण्यासाठी माणसाला आत उतरता येत असे.

पहिलं वाक्य बोटाने मोजून पाहा. तिशी केव्हाच ओलांडते आणि मधे श्वास घ्यायला जागा नाही. एकेक शब्द सोडवत जाणारं मूल ‘शनिवारवाड्यापर्यंत’ येईतो सुरुवातीची ‘वस्ती’ विसरलेलं असतं. आता वर्गात वाटला तो उतारा:

> पेशवाईत पुण्याची वस्ती झपाट्याने वाढली.
> विहिरींचं आणि नदीचं पाणी पुरेना.
>
> तेव्हा नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधला.
> कात्रज उंचावर आहे. शनिवारवाडा खाली आहे.
> या उतारामुळे पाणी आपोआप वाहत आलं.
>
> ते जमिनीखालच्या बांधीव नळातून आलं.
> वाड्यात गेलं, आणि पेठांतल्या हौदांतही गेलं.
>
> नळावर जागोजागी उच्छ्वास होते.
> त्यांतून आतली हवा बाहेर पडायची.
> गाळ काढायला माणूस तिथून आत उतरायचा.

माहिती कमी झाली नाही, उलट एक गोष्ट वाढली. ‘उताराच्या साहाय्याने’ या दोन शब्दांत कारण दडून बसलं होतं. ते सुटं केल्यावर कात्रज उंच आणि वाडा खाली, हे उघड्यावर आलं. मधल्या मुलांनाही याचा फायदा झाला. म्हणून मी हाच उतारा सगळ्या वर्गाला देते आणि पहिला मसुदा जपून ठेवते. तो पायरी 6 मध्ये लागतो.

‘उच्छ्वास’ हा उताऱ्यातला सगळ्यात अवघड शब्द मात्र मी काढला नाही. ‘हवेची भोकं’ लिहिलं असतं तर वाचायला सोपं झालं असतं, पण त्या गोष्टीचं नावच हे आहे आणि पाठाचा तिसरा मुद्दा त्यावरच उभा आहे. नियम असा धरा: विषयाचे शब्द राहू द्या आणि आधी शिकवा, ‘कारकिर्दीत’, ‘आणण्यात आले’ असे नुसतेच जडावणारे शब्द उतरवून ठेवा.

छपाईचं थोडक्यात. अक्षर 16 ते 18 पॉइंटचं. ओळींतलं अंतर दीडपट तरी, कारण देवनागरीत वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार-वेलांट्या एकमेकांत अडकतात. इंग्रजीसाठी पुरतं ते अंतर आपल्याला पुरत नाही. मजकूर डावीकडून सरळ, उजवी कड मोकळी. दोन्ही कडा जुळवल्या की शब्दांमधल्या जागा ओबडधोबड होतात. एक विचार संपला की एक ओळ मोकळी. फॉन्ट साधा, जोडाक्षरं स्पष्ट दिसणारा. मी `Mukta` वापरते. डिस्लेक्सियासाठी म्हणून विकले जाणारे खास फॉन्ट आणि रंगीत पारदर्शक कागद यांच्यामागे पैसे घालवू नका. त्यांनी वाचन सुधारतं याला भक्कम पुरावा नाही. मोकळी जागा आणि मोठं अक्षर एवढ्याने जे व्हायचं ते होतं.

युनिकोडचं कारण असं की जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर फोनवर उघडला की भलतीच अक्षरं दिसतात आणि फोनची वाचून दाखवण्याची सोयही तो वाचू शकत नाही. शाळेत फिरणारे बरेच जुने स्वाध्याय असेच आहेत. ते दुरुस्त करण्यापेक्षा नव्याने टाइप करणं लवकर होतं.

## 4. आदल्या दिवशी आवाज पाठवा

उतारा स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा. बातम्यांच्या वेगाने नको. समोर बसलेल्या मुलाला सांगतो तसा, प्रत्येक वाक्यानंतर क्षणभर थांबून. माझं पहिलं रेकॉर्डिंग मी नेहमीच्या वेगाने वाचलं होतं. त्या तीन मुलांचं बोट दुसऱ्या ओळीवर आणि माझा आवाज पाचव्या ओळीवर. दुसऱ्या खेपेला बोट आणि आवाज जुळले.

हे रेकॉर्डिंग पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर सगळ्यांसाठी टाका. फक्त तिघांच्या आईवडिलांना पाठवलं की दुसऱ्या दिवशी गुलाबी कागदासारखंच होतं. ज्याला गरज नाही तो ऐकणार नाही, इतकंच. घरी फोन संध्याकाळी उशिरा येत असेल तर सकाळी परिपाठाआधी पाच मिनिटं वर्गात ऐकवा. आमच्या तिघांपैकी एकाचे वडील रात्री रिक्षा चालवतात, फोन त्यांच्याकडेच. तो मुलगा सकाळीच ऐकतो.

आधी ऐकलेला उतारा वर्गात समोर आला की मुलाची शक्ती शब्द सोडवण्यातच संपत नाही. अर्थाकडे लक्ष द्यायला थोडी उरते. यात फसवणूक काही नाही.

## 5. तासाची सुरुवात: पन्हळ आणि पाच शब्द

पहिली सात-आठ मिनिटं कागद उलटा ठेवायचा. फडके हौद, काळा हौद, बदामी हौद ही नावं कुणी ऐकली आहेत का, ते विचारा. पेठांत आजी-आजोबा असलेली मुलं लगेच हात वर करतात. तिथे आता पाणी भरायला कुणी जात नाही, मग नाव हौद का? एवढ्या प्रश्नावर वर्ग जागा होतो.

मग पन्हळ काढा. एक टोक बाकावर, दुसरं जमिनीवरच्या बादलीत. वरून तांब्याने पाणी सोडा. नंतर बाकावरचं टोक खाली आणत जा आणि पाणी कुठे थांबतं ते मुलांनाच सांगू द्या.

इथे माझी एक फजिती झाली होती, तुमची होऊ नये. पहिल्या वर्षी पन्हळीऐवजी मी पारदर्शक नळी आणली होती. तिचं टोक बाकावरच्या बादलीत बुडवलं आणि पाणी तोंडाने ओढून खाली सोडलं. पाणी आलं, टाळ्याही पडल्या. तेवढ्यात मागून प्रश्न आला, ‘बाई, पण नळी आधी बादलीच्या काठावर वर चढतीये की!’ पोरगं बरोबर होतं. तो वक्रनलिकेचा प्रकार. कात्रजचं पाणी असं वर चढून आलेलं नाही, ते बांधीव नळातून उताराने वाहत आलं. भलता प्रयोग दाखवून मीच गोंधळ घातला होता. उघडी पन्हळच घ्या.

आता पाच शब्द: उतार, बांधीव, हौद, गाळ, उच्छ्वास. प्रत्येक शब्द आधी बोला, सगळ्यांकडून बोलून घ्या, मग फळ्यावर तुकडे पाडून लिहा. ‘उच्-छ्वास.’ छातीवर हात ठेवून श्वास सोडायला सांगा: बाहेर जातो तो उच्छ्वास. नळाचंही तसंच. तुकड्यांवर टाळी वाजवत पुन्हा म्हणा. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना आवाज आणि अक्षर एकाच वेळी मिळणं गरजेचं असतं. बाकीच्यांना शब्द कळतो. घरी मराठी नसलेल्या त्या तिघांना तर हा शब्द पहिल्यांदाच मिळतो. साऱ्या तासात ही चार मिनिटं मला सगळ्यात उपयोगी वाटतात आणि वेळ कमी पडला की सगळे नेमकी हीच गाळतात.

## 6. वाचन: एकाच वेळी तीन वाटा

एकेकाला उभं करून मोठ्याने वाचायला लावणं बंद करा. आपल्याकडे ही पद्धत मुरलेली आहे, मीही वर्षानुवर्षं केली. त्यात होतं असं की ज्याला वाचता येत नाही तो आपला नंबर मोजत बसतो, ‘माझ्याकडे चौथं वाक्य येणार’, आणि पहिली तीन वाक्यं ऐकतच नाही. झरझर वाचणारी मुलं तोवर शेवटच्या पानावर चित्रं काढतात. दोघांचा तास वाया. ज्याला स्वतःहून वाचायचंय त्याने वाचावं.

त्याऐवजी तुम्ही एकदा सगळा उतारा वाचा, मुलं कागदावर बोट किंवा पट्टी धरून सोबत येतील. पट्ट्या सगळ्यांच्या बाकावर ठेवा, ज्याला हवी तो घेईल. माझ्या वर्गात बारा-तेरा जण घेतात, त्यांत एक अगदी हुशार मुलगीही आहे. त्यामुळे पट्टी ही कुणा एकाची खूण होत नाही.

त्यानंतरच्या आठ मिनिटांत:

बहुतेक मुलं जोडीने पुन्हा वाचतात आणि तीन मुद्द्यांखाली रेघ मारतात.

डिस्लेक्सिया असलेली मुलं जोडीदाराबरोबर वाचतात, पण वाटणी ठरलेली असते: जोडीदार एक परिच्छेद वाचतो, मग तोच परिच्छेद हे मूल वाचतं. नुकताच ऐकलेला मजकूर असल्याने अंदाजाची चूक कमी होते. जोडीदार निवडताना सगळ्यात वेगवान वाचणारा देऊ नका. तो थांबत नाही, शब्द हिसकावून घेतो. मधला, शांत मुलगा किंवा मुलगी द्या आणि सांगा: मनात पाच आकडे मोजल्याशिवाय शब्द सांगायचा नाही.

झरझर वाचणाऱ्यांना पायरी 3 मधला पहिला, लांब वाक्यांचा मसुदा द्या आणि वाटलेला उतारा शेजारी ठेवा. त्यांचं काम असं: ‘या उताऱ्यातली कोणती वाक्यं आज पुण्यात फिरून डोळ्यांनी तपासता येतील? कोणत्यांसाठी जुनी कागदपत्रं लागतील? आणि कोणती गोष्ट दोन्ही उताऱ्यांत सांगितलेलीच नाही?’

हा प्रश्न जमायला मला तीन वर्षं लागली. आधी मी त्यांना ‘आणखी पाच प्रश्न’ द्यायची. ती शिक्षाच झाली: लवकर संपवलं की जास्त काम. त्यांतल्या एकाने मग मुद्दाम हळू वाचायला सुरुवात केली. दुसरी चूक म्हणजे त्यांना छोटे शिक्षक करून दुसऱ्यांना शिकवायला बसवणं. महिन्यातून एकदा ठीक, रोज केलं तर त्यांचं स्वतःचं शिकणं थांबतं.

आणि वेगाने वाचतो म्हणजे खोल वाचतो असं समजू नका. एकशेवीसच्या वर वाचणाऱ्या चौघांतल्या एकीने ‘सगळं समजलं’ म्हणून तीन मिनिटांत कागद दिला. ‘काय सांगितलेलं नाही?’ यावर ती अडली. बराच वेळ पाहून म्हणाली, ‘हौदावर पाणी भरायला कुणाला परवानगी होती, ते कुठेच नाहीये.’ पुढच्या तासाची सुरुवात मी तिथूनच केली.

## 7. उत्तर: तीन रूपं, मोजमाप एक

शेवटच्या दहा मिनिटांत सगळे मुख्य प्रश्नाचं उत्तर देतात. रूप प्रत्येकाने निवडायचं: चार-पाच वाक्यं लिहायची, नावं टाकून आकृती काढायची किंवा कोपऱ्यात जाऊन फोनवर बोलून रेकॉर्ड करायचं. फोन एकच असल्याने बोलणाऱ्यांना चिठ्ठ्यांवर क्रमांक देते, नाहीतर झुंबड होते.

तपासताना तीनच चौकटी: का, कसं, उच्छ्वास. प्रत्येकी एक गुण. डिस्लेक्सिया असलेल्या एका मुलाने लिहायचं ठरवलं. त्याचं उत्तर जसंच्या तसं:

> लोक वाडले मनुन पाणि कमि पडल. कतरज वरती आणी वाडा खालि मनुन पाणि आपोआप आल. उछवास मदुन हवा जाते आणी मानुस गाळ काडतो

तीनपैकी तीन. त्याच दिवशी एका सुवाच्य अक्षरातल्या, बिनचूक उत्तराला मी दोन दिले, कारण त्यात उतार नव्हताच. ‘पाणी नळातून आणले’ एवढंच होतं. त्या मुलीच्या आईला हे पटायला वेळ लागला. शुद्धलेखनाचे गुण कापायचे असतील तर ते भाषेच्या वेगळ्या कामात कापा, इथे नाही.

चुका सोडूनही द्यायच्या नाहीत. पण पंधरा लाल गोल मारले तर मूल कागद घडी घालून दप्तरात टाकतं. मी दोनच शब्द निवडते, रोज लागणारे. इथे ‘म्हणून’ आणि ‘आणि’. कागदाच्या खाली ते मोठ्या अक्षरात लिहिले, ‘म्हणून’मधला ‘म्ह’ त्याच्याकडून बोलून आणि बोटाने बाकावर गिरवून घेतला. ‘उच्छ्वास’ला हात लावला नाही, ते जोडाक्षर मोठ्यांनाही चकवतं.

रेकॉर्ड केलेली उत्तरं त्याच दिवशी ऐका. मी एकदा शनिवारवर ढकलली आणि चौदा आवाजांतला कोणता कुणाचा हेच कळेना. तेव्हापासून बोलण्याआधी हजेरी क्रमांक सांगायची सक्ती आहे.

## 8. वेळ आणि कागद किती लागतात

पहिल्यांदा हा एक पाठ बेतायला मला साडेतीन तास लागले. आता पाऊण तास लागतो, कारण वाचनाची नोंद वर्षातून तीनदाच घेते (जून, नोव्हेंबर, फेब्रुवारी) आणि उताऱ्याचा साचा तयार आहे. सगळे पाठ असे बेतायला जाऊ नका, महिनाभरात दमाल. एका घटकातला एक पाठ निवडा, ज्यात कारण समजणं महत्त्वाचं आहे असा. बाकीच्या पाठांना निदान पाच शब्द आणि आदल्या दिवशीचं रेकॉर्डिंग एवढं तरी करा.

मोठ्या टाइपमुळे उतारा एका पानाचा दोन पानांवर जातो आणि झेरॉक्सचा खर्च दुप्पट होतो. शाळेने हात वर केले तर दोघांत एक प्रत द्या, पण टाइप लहान करू नका. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाच्या जोडीकडे मात्र दोन प्रती हव्यातच. जोडीदाराच्या बाजूने तिरपा कागद पाहत वाचणं त्याला जमत नाही आणि तो ते बोलून दाखवत नाही.